पाला, मीठ, पाणी : थरच्या उंटाचं पोट

जैसलमेरच्या पश्चिमेला, पाकिस्तानच्या सीमेकडे जाणाऱ्या भागात उंटांच्या टोळ्यांमागे दिवसभर गुराखी फिरत नाही. उंटांच्या अंगावर मालकाचा डाग दिलेला असतो, त्यांना मोकळं सोडलेलं असतं आणि ते आपापले चरत दूरवर जातात. मालकाला खात्री असते ती एकाच गोष्टीची. तहान लागली की टोळी ठरावीक विहिरीवर येणारच. जेठ महिन्यात हे येणं तीन-चार दिवसांनी होतं. भाद्रपदात, पाऊस बरा झाला असेल तर, पंधरा-पंधरा दिवस होत नाही. हिवाळ्यात ओला पाला असेल तर त्याहूनही जास्त दिवस. ठिकाण तेच आणि जनावरही तेच, तरी पाण्याची गरज इतकी कशी बदलते? उंट पाळण्याची सगळी विद्या या प्रश्नात आहे, आणि उत्तराचा मोठा भाग विहिरीवर मिळत नाही, झाडावर मिळतो.

उंट पाण्यावाचून किती राहतो, याच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकतो. त्यातली कुबडात पाणी साठवण्याची गोष्ट खोटी आहे. कुबडात चरबी असते. खरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे. १९५३-५४ मध्ये क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने अल्जीरियातल्या बेनी अब्बेस या मरूद्यानात उंटांवर प्रयोग केले. उंट आपल्या वजनाच्या पाव हिस्सा पाणी गमावूनही तग धरतो, हे त्याने दाखवलं. उन्हाळी वाळवंटात याच्या निम्मं पाणी गेलं तरी इतर बहुतेक सस्तन प्राण्यांचं रक्त घट्ट होतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडेनाशी होऊन ते मरतात. उंट मात्र रक्तातलं पाणी राखतो आणि बाकीच्या शरीरातलं खर्च करतो. पुढे पाणी मिळालं की त्याच्या प्रयोगातल्या उंटांपैकी एकाने दहा मिनिटांत १०३ लिटर पाणी पिऊन टाकलं. आपण असं केलं तर रक्तपेशी फुगून फुटतील. उंटाच्या लांबुळक्या रक्तपेशी दुपटीहून जास्त फुगल्या तरी टिकतात.

या प्रयोगांची ख्याती झाली आणि तिच्यातून एक चुकीची समजूत रुजली, की उंटाला पाणी कमी लागतं. उंटाला पाणी उशिरा चालतं, कमी चालत नाही. गमावलेलं सगळं पाणी त्याला भरून घ्यावंच लागतं. जो मालक ‘उंट आहे, काढेल दिवस’ म्हणत पाण्याची पाळी लांबवतो, त्याच्या उंटाची भूक आधी मरते, मग दूध बदलतं. तहानलेली सांडणी दूध लगेच आटवत नाही. उलट ते पातळ होत जातं. दुधातलं पाण्याचं प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांपर्यंत गेल्याची नोंद आहे. पिल्लासाठी ती स्वतःच्या अंगातलं पाणी मोजत असते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ‘दूध चालू आहे, म्हणजे सगळं ठीक आहे’ असं वाटतं.

आता झाडाकडे वळू. उंट गवत खातो, पण तो मुळात पाला ओरबाडणारा प्राणी आहे. त्याचा वरचा ओठ मधोमध फाटलेला असतो आणि दोन्ही भाग बोटांसारखे वेगवेगळे हलतात. काट्यांच्या मधलं कोवळं पान तो त्यांनी नेमकं खुडतो. तोंडाच्या आत राठ, टोकदार उंचवटे असल्यामुळे बाभळीचा काटाही चावताना फारसा त्रास देत नाही. मान वर केली की साडेतीन मीटर उंचीवरची डहाळी त्याच्या तोंडात येते, आणि त्या उंचीवर शेळी, मेंढी, गाय यांची स्पर्धा नसते. चरण्याची रीतही वेगळी. एका झाडाचे चार घास, पुढच्याचे चार, मग पुन्हा चाल. दिवसाचे आठ-दहा तास तो असा चालत चालत खातो. यामुळे एकच झुडूप बोडकं होत नाही आणि उंटाच्या पोटात रोज अनेक वनस्पतींचं मिश्रण जातं. राजस्थानातल्या राईका उंटपाळांना या मिश्रणाचं इतकं महत्त्व वाटतं की दुधाचा गुणही ते चरलेल्या झाडाझुडपांवरून सांगतात.

थरच्या वाळवंटात पहिलं नाव घ्यावं लागतं खेजडीचं. आपण जिची पानं दसऱ्याला पूजतो ती शमीच ही. एप्रिल-मेमध्ये सगळं रखरखीत असताना खेजडीला नवी पालवी फुटते, कारण तिची मुळं फार खोल गेलेली असतात. हिवाळ्यात फांद्या छाटून पाला वाळवून ठेवतात, त्याला ‘लूंग’ म्हणतात. खेजडीनंतर रानबोरीचं झुडूप. त्याचा पाला झोडपून साठवतात. केराला, म्हणजे आपल्याकडच्या नेपतीला, पानं नावापुरतीच असतात, पण हिरव्या डहाळ्या उंट खातो. वाळूच्या टेकड्यांवर फोग, गावाकडे देशी बाभूळ आणि कुमट, मध्येमध्ये पीलूचं झाड, ज्याला तिकडे जाळ म्हणतात. आणि खारट जमिनीवर वाढणारा लाणा. या लाण्याकडे परत यायचं आहे.

पाला आणि पाणी यांचा संबंध एका ढोबळ हिशेबाने पाहू. साडेचारशे किलो वजनाची, पिल्लू असलेली एक सांडणी घ्या. दिवसाला वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा धरला तर तिला नऊ किलो लागतो. कोरडा म्हणजे पाणी वजा करून उरलेला. खेजडीच्या, बोरीच्या ताज्या पाल्यात साठ टक्के पाणी असलं, तर नऊ किलोसाठी तिला साडेबावीस किलो पाला खावा लागेल, आणि त्यातून साडेतेरा लिटर पाणी तिच्या पोटात आपोआप जाईल. हीच सांडणी घरी बांधली आणि गवारीचा, मटकीचा वाळका चारा घातला, तर दहा किलो चाऱ्यात पाणी जेमतेम एक लिटर. फरक साडेबारा लिटरचा, तोही रोजचा.

हिवाळ्यात तिची दिवसाची गरज बारा-पंधरा लिटरच्या आसपास असेल, तर ओला पालाच ती जवळपास भागवतो. म्हणून ती पंधरा दिवस विहिरीकडे फिरकत नाही. मे महिन्यात दूध देणाऱ्या सांडणीची गरज पंचवीस लिटरच्या वर जाते. त्यातले चार-साडेचार लिटर तर पाच लिटर दुधातूनच जातात. वाळक्या चाऱ्यावर असलेल्या सांडणीला हे सगळं हौदातूनच प्यावं लागतं. चार दिवसांनी एकदा पाजायचं ठरवलं, तर तिला एका वेळी शंभर लिटर पाणी हवं. अशा वीस सांडण्यांच्या टोळीला दोन हजार लिटर, तेही तासाभरात. विहिरीवर आलेली टोळी पाहून हौद भरायला घेणारा माणूस इथेच फसतो. दांडग्या माद्या पहिलं पाणी संपवतात, आणि कमजोर, गाभण किंवा पहिलटकरीण सांडणी अर्धपोटी बाजूला सरते. जाणता उंटपाळ दोन-दोन, चार-चार करून उंट सोडतो. पहिल्या पिण्यानंतर त्यांना बाजूला उभं करतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा हौदावर आणतो. दुसऱ्या वेळी कोण किती पितं, यावर त्याची नजर असते. जिने दोन्ही वेळा पाण्याला नुसतं तोंड लावलं, तिचं काहीतरी बिघडलेलं असतं.

काय बिघडलं असेल, याच्या उत्तरांत एक उत्तर असं आहे जे गाई-म्हशी सांभाळलेल्या माणसाला चटकन सुचत नाही. तिला मीठ कमी पडलेलं असू शकतं.

उंटाला इतर जनावरांच्या सहा ते आठ पट मीठ लागतं, असं उंटांवरच्या पुस्तकांत सर्रास सापडतं. पट किती यावर वाद घालता येईल, पण गरज मोठी आहे हे नक्की. मोठ्या उंटाला दिवसाला ४५ ते ६० ग्रॅम मीठ किमान मानतात. खडे समोर मोकळे ठेवले, तर काही उंट १२० ते १४० ग्रॅमपर्यंत चाटतात, म्हणजे आठवड्याला जवळपास एक किलो. जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. दहा माणसांचं मीठ एका उंटाचं किमान.

कारण पाण्याशीच जोडलेलं आहे. शरीरात पाणी धरून ठेवायचं काम मिठातलं सोडियम करतं. सोडियम कमी असेल तर प्यायलेलं पाणी टिकत नाही, लघवीवाटे निघून जातं. शिवाय मीठ कमी पडलेला उंट पाणी पितोच कमी, कारण तहान जागी व्हायला रक्तातल्या क्षारांचं प्रमाण वाढावं लागतं. म्हणजे हौद भरलेला असूनही तो कोरडा पडू शकतो. रवंथ करताना येणाऱ्या भरपूर लाळेतही सोडियम लागतं, म्हणून मीठ कमी पडलं की पचनही मंदावतं. भूक कमी होते, पाणी कमी प्यायलं जातं, त्यामुळे भूक आणखी कमी होते. हे चक्र सुरू झालं की माणूस चारा बदलून पाहतो, पाणी बदलून पाहतो. मिठाची आठवण शेवटी होते.

थरमध्ये हे काम लाणा करतो. लाणा आणि लाणी ही मांसल, सांधेदार देठांची खारी झुडपं. पान चावून पाहिलं तर जिभेला खारट लागतं. उंट काही दिवस लाण्यावर चरले की वेगळं मीठ द्यावं लागत नाही. पण रोज तेवढंच खाल्लं तर लेंड्या सैल पडतात आणि तहान एकदम वाढते. म्हणून लाण्याच्या रानात टोळी नेताना पाणी जवळ असावं लागतं, आणि अधूनमधून खेजडी-बोरीकडे परतावं लागतं. भूजल खारं असलेल्या गावांतही मीठ बेताने द्यावं. गाय ज्या मचूळ पाण्याला नाक मुरडते ते उंट पितो, आणि त्यातून त्याला मिठाचा काही वाटा आधीच मिळालेला असतो. बाकी ठिकाणी जाडं मीठ. साधारण तीन मोठे चमचे भरून बाजरीच्या पिठाच्या गोळ्यात, किंवा खडे उघडे, पण पावसापासून आडोशाला. लांबच्या कोरड्या वाटेवर निघायच्या आदल्या दिवशी भरपूर मीठ चारू नये. मीठ द्यायचं ते पाण्याच्या दिवसांत.

मिठाचं टोकाचं उदाहरण कच्छमध्ये आहे. तिथल्या खाराई उंटांना २०१५ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. फकिराणी जत आणि रबारी समाजाचे लोक ते पाळतात. हे उंट भरतीच्या पाण्यातून पोहत खाडीतल्या बेटांवर जातात आणि तिथे चेर, म्हणजे तिवराचा पाला खातात. तिवराच्या पानांवर मिठाचे कण साचलेले दिसतात, इतका तो पाला खारा असतो. मीठ द्यायचा प्रश्नच नाही. प्रश्न असतो तो गोड्या पाण्याचा. पावसाळ्यात बेटांवरच्या खळग्यांत पाणी साठतं, तेव्हा मुक्काम लांबतो. इतर दिवसांत काही दिवसांनी उंटांना पाणी प्यायला पुन्हा पोहून किनाऱ्यावर यावं लागतं. बांध घालून, मिठागरं वाढवून तिवरांचं पाणी तोडलं की पाळणाऱ्यापुढे पेच पडतो. कारण हाच उंट आतल्या भागात आणून वाळक्या चाऱ्यावर ठेवला, तर पोट भरलेलं दिसूनही तो खंगतो.

खंगणारा उंट महाराष्ट्रानेही पाहिला आहे. कच्छचे रबारी मेंढ्या-शेळ्या घेऊन विदर्भात पिढ्यान् पिढ्या येतात. वर्धा, यवतमाळ, अमरावती, नागपूर या भागांत शेतात मेंढ्या बसवतात, आणि त्यांचा संसार उंटाच्या पाठीवर असतो. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले. ते कत्तलीसाठी नेले जात असल्याची तक्रार होती. रबारी मालकांचं म्हणणं होतं की आपण ते इथल्या नातलगांकडे नेत आहोत. प्रकरण न्यायालयात गेलं, तोवर उंट अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत राहिले, आणि पुढे न्यायालयाने ते मालकांना परत द्यायला सांगितलं. कायद्याची बाजू बाजूला ठेवून मी फक्त पोटाचा विचार करतो. गोशाळेची सगळी मांडणी गाईसाठी असते. गव्हाण खाली, चारा कुटाराचा किंवा कडब्याचा, मिठाचा वाटा गाईपुरता, आणि दिवसभर बांधलेलं किंवा कोंडलेलं जनावर. चालत चालत पाला ओरबाडणाऱ्या प्राण्याला यातलं एकही मानवत नाही. कोणाचा हेतू वाईट नसतानाही वजन उतरतं.

असे उंट पुन्हा कुठे ठेवायची वेळ आली, तर करायच्या गोष्टी अवघड नाहीत. कडुनिंब, पिंपळ, देशी बाभूळ, बोर यांच्या डहाळ्या तोडून त्याच्या डोक्याच्या उंचीवर बांधाव्यात. चारा एकदम बदलू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. दया म्हणून धान्याची टोपली समोर ठेवू नये, कारण सवय नसलेल्या उंटाच्या पोटात एकदम धान्य गेलं तर आम्ल वाढून जीवावर बेततं. रोज जाडं मीठ द्यावं, कारण विदर्भाच्या पाल्यात लाण्याचा खारटपणा नाही. आणि त्याला रोज काही तास हिंडू द्यावं. हिंडताना एका झाडावर मात्र लक्ष ठेवावं लागतं. ते झाड कण्हेर. महामार्गांच्या दुभाजकांत आपण सर्वत्र कण्हेर लावली आहे, कारण तिला जनावरं तोंड लावत नाहीत. स्थानिक जनावरं लावत नाहीत हे खरं, पण परक्या रानात आलेला भुकेला उंट लावतो, आणि थोड्याशा पानांनीही हृदयाची गती बिघडून तो मरू शकतो.

उंट आजारी पडला हे ओळखणं अवघड, अशी तक्रार पशुवैद्यही करतात. तो ओरडत नाही, एकदम खाणं सोडत नाही. म्हणून लहान बदल वाचावे लागतात. पहिला बदल चरण्यात दिसतो. टोळी पुढे सरकते आणि एक उंट मागे राहून एकाच झुडपापाशी रेंगाळतो, घास घेतो पण चावणं हळू होतं. रात्री बाकीचे रवंथ करत बसलेले असतात तेव्हा त्याचं तोंड थांबलेलं असतं. दुसरा बदल लेंड्यांत. निरोगी उंटाची लेंडी घट्ट, कोरडी, वेगवेगळी पडते, इतकी कोरडी की लवकरच चुलीत घालता येते. ती दगडासारखी बारीक आणि काळपट झाली तर पाणी कमी पडतंय. एकमेकींना चिकटून पो पडला तर चारा एकदम बदललाय, खारं जास्त झालंय, किंवा पोटात जंत आहेत. उंट माती चाटू लागला, वाळकी हाडं चघळू लागला, तर मीठ किंवा फॉस्फरस कमी आहे असं समजावं आणि हाडं तिथून आधी उचलावीत. सडक्या हाडांतल्या विषाने उंट लुळा पडून मरतो.

कुबड हा सावकाश बोलणारा पुरावा आहे. आज चारा कमी पडला म्हणून उद्या कुबड उतरत नाही, त्याला आठवडे लागतात. म्हणून ताठ कुबड पाहून निश्चिंत होऊ नये, आणि कलंडलेलं कुबड पाहून फक्त ‘उपाशी आहे’ असं म्हणू नये. उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्याच टोळीची कुबडं उतरलेली असतात, ती पावसानंतर भरतात. सगळ्यांची भरली आणि एकीचं भरलं नाही, की तिच्याकडे बघायचं. कोकणातल्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणारे उंट असतात. त्यांच्याकडे पाहताना आपण रंगीत गोंडे पाहतो. झुलीखालचं कुबड पाहिलं तर त्याला काय खायला मिळतं याचा अंदाज येईल.

एक नेहमी घडणारं प्रकरण तपशिलात पाहू. भाद्रपदाचा शेवट आहे. पाऊस चांगला झालाय, चारा मुबलक आहे. टोळीतली एक सांडणी मागे राहते. चार दिवस सुस्त, मग आठवडाभर ठीक, मग पुन्हा सुस्त. कुबड मऊ पडलंय. मालक आधी मिठाचा विचार करतो, आणि तो बरोबर आहे, कारण ओल्या पावसाळी चाऱ्यात मीठ कमी असतं. तो खडे समोर ठेवतो. मीठ कमी पडलेली सांडणी त्यावर अक्षरशः तुटून पडते आणि काही दिवसांत तिची भूक सुधारू लागते. ही मात्र दोनदा चाटून तोंड फिरवते. आता तो तिची खालची पापणी ओढून पाहतो. आत गुलाबी दिसायला हवं, तिथे फिकट पांढुरकं आहे. डोळ्यांच्या कडेला पाणी आहे. छातीखाली आणि पोटाच्या खालच्या बाजूला मऊ सूज आहे, बोटाने दाबली की खळगा राहतो.

राजस्थानात याला तिबरसा म्हणतात. पशुवैद्यकाच्या भाषेत सर्रा. रक्तात पोहणारा एक सूक्ष्म परजीवी हा रोग करतो. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माइल खान इथे तो शोधला. पावसाळ्यात वाढणाऱ्या घोडमाशीसारख्या रक्त पिणाऱ्या माश्या तो एका उंटातून दुसऱ्यात नेतात. म्हणून जिथे पाणी साचलं आणि चारा वाढला, तिथेच हा धोकाही वाढतो. उंट लगेच मरत नाही. महिनोन् महिने, कधी दोन-तीन वर्षं खंगत जातो, गाभण असेल तर गाभ टाकतो. अनुभवी राईका अशा उंटाची लघवी झालेली वाळू मुठीत घेऊन गोळा करतात आणि वास घेतात. तिबरशाचा वास वेगळा असतो, असं ते सांगतात. मला या पद्धतीबद्दल आदर आहे, पण औषध केवळ वासावर देऊ नये, कारण खंगण्याची कारणं अनेक आहेत आणि औषधाची मात्रा चुकली तर परजीवी त्याला सरावतात.

ताप मोजताना एक गोष्ट हमखास फसवते. गाईचं तापमान दिवसभर साधारण सारखं राहतं. तहानलेल्या उंटाचं पहाटे ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकतं आणि दुपारी चाळीसच्या वर जाऊ शकतं. घामात पाणी घालवण्यापेक्षा तो दिवसभर स्वतःला तापू देतो आणि रात्री थंड हवेत निवतो. त्यामुळे संध्याकाळी साडेएकोणचाळीस दाखवणारा थर्मामीटर काहीच सांगत नाही. निरोगी उंटही तेवढं दाखवेल. मोजायचं ते पहाटे, सूर्य वर यायच्या आधी, पाणी व्यवस्थित प्यायलेलं असताना. त्या वेळी एकोणचाळीसच्या वर असेल तर तो ताप. आणि रक्ताचा नमुना तापाच्या त्याच दिवशी घ्यावा. परजीवी रक्तात लाटांनी येतात. ताप उतरलेल्या दिवशी काचपट्टीवर काहीच सापडत नाही आणि अहवाल ‘निरोगी’ म्हणून येतो. शंका असेल तर पुढच्या तापाला पुन्हा नमुना द्यायचा.

सर्रा निघाला तर पशुवैद्य वजन पाहून क्विनापायरामिनसारखं औषध टोचतात. टोळीतल्या बाकीच्यांचीही तपासणी करावी लागते, कारण त्याच माश्या सगळ्यांना चावल्या आहेत. पुढच्या पावसाळ्यात पाणवठ्यावरचा मुक्काम टोळी आवरता घेते. पाणी पाजायचं आणि माश्या कमी असलेल्या उंच, वाऱ्याच्या टेकडीवर रात्र काढायची. हिवाळ्यात दुसरा शत्रू येतो, खरूज. जांघेत, काखेत, तोंडाभोवती केस जातात, कातडी जाड होते, उंट झाडाला अंग घासत बसतो. उपाशी आणि मिठावाचून राहिलेल्या उंटाला ती लवकर धरते. पाळणाऱ्याच्या हातालाही ती लागते, म्हणून तिची खबर बहुतेक वेळा माणसाच्या खाजेमुळेच घरात पोचते.